अरबीतले शिफारसपत्र

अरबीत लिहिलेले शिक्षकाचे शिफारसपत्र साधारण एका पानाचे असते. त्यातला वरचा तिसरा हिस्सा आणि शेवटच्या चार ओळी ठरलेल्या असतात. त्या शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, आणि लिहिणाऱ्याने त्यात फारसे डोके चालवू नये अशीच अपेक्षा असते. विद्यार्थ्याचे भवितव्य ठरते ते मधल्या सहा-सात वाक्यांत. पण ठरलेल्या ओळींत एखादी चूक सापडली, की वाचणारा मधल्या वाक्यांकडे शंकेनेच पाहायला लागतो. महाराष्ट्रातल्या मदरशांत, उर्दू माध्यमाच्या शाळांत आणि कॉलेजांतल्या अरबी विभागांत दरवर्षी अशी पत्रे लिहिली जातात. ती वाचली जातात रियाधला, मदिनेला, कैरोला. या दोन टोकांमध्ये पत्राचे काय होते, ते एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला एकेक तपशील व्यवहारातला आहे. मालेगावची एक मुलगी मुंबईच्या कॉलेजात अरबी विषय घेऊन बीए झाली. तिला आता परभाषिकांसाठीचा अरबी भाषेचा डिप्लोमा करायचा आहे, आणि तिने रियाधच्या राजकन्या नूरा बिन्त अब्दुर्रहमान विद्यापीठाकडे अर्ज करायचे ठरवले आहे. हे केवळ स्त्रियांचे विद्यापीठ आहे. १९७० साली मुलींसाठी निघालेल्या शिक्षण महाविद्यालयापर्यंत त्याची मुळे जातात, आणि आजचे नाव त्याला २००८ मध्ये मिळाले. आपल्या विद्यार्थिनीला कॉलेजात तीन वर्षे शिकवलेल्या बाईंकडून अरबीत शिफारस हवी आहे.

लिहायला बसण्याआधी बाईंनी तिला एक प्रश्न विचारायला हवा: डिप्लोमा नेमका कोणता? ‘दिब्लोम’ हा शब्द अरब देशांत सगळीकडे एकाच अर्थाने चालत नाही. इजिप्तमध्ये तांत्रिक माध्यमिक शाळा पास झालेल्या मुलाकडेही दिब्लोम असतो, आणि पदवीनंतर शिक्षक होण्यासाठी एक वर्ष शिकलेल्या माणसाकडेही दिब्लोमच असतो. पहिला दहावी-बारावीच्या पातळीचा, दुसरा पदवीच्या वरचा. सौदीत बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या शिक्षणालाही हेच नाव आहे. परभाषिकांचा भाषा-डिप्लोमा या सगळ्यांपासून वेगळा असतो आणि त्याला पायरीपायरीने चढणारे स्तर असतात. पत्रात नुसतेच ‘डिप्लोमासाठी शिफारस करते’ असे आले, तर विद्यार्थिनीला कुठे पोहोचायचे आहे हे बाईंनाही ठाऊक नाही असा अर्थ निघतो. म्हणून अभ्यासक्रमाचे नाव माहितीपुस्तिकेत जसे छापले असेल तसेच्या तसे उतरवून घ्यावे.

संस्थेच्या नावाचेही तसेच. परभाषिकांना अरबी शिकवणाऱ्या बहुतेक संस्थांच्या नावात ‘लिन्नातिकीन बिगैरिहा’ असे शब्द असतात, म्हणजे ‘ती भाषा सोडून दुसरी भाषा बोलणाऱ्यांसाठी’. हे पुल्लिंगी अनेकवचन आहे, आणि मिश्र गटासाठी अरबीत तेच वापरतात. नूरा विद्यापीठाच्या संस्थेचे नाव मात्र ‘लिन्नातिकात बिगैरिहा’ असे स्त्रीलिंगी आहे, कारण तिथे शिकणाऱ्या सगळ्या स्त्रियाच. जुन्या पत्रातून संस्थेचे नाव उचलले तर पहिल्याच ओळीत त्यांचे नाव चुकते, आणि ही चूक वाचणार असतात अरबी व्याकरण शिकवणाऱ्या बायका.

आता पत्राचा माथा. सर्वांत वर, मधोमध, बिस्मिल्लाह. सौदी कार्यालयांत ही पद्धत पक्की आहे, आणि धार्मिक संस्थांना लिहिताना ती टाळत नाहीत. कैरोच्या एखाद्या विद्यापीठाला पाठवलेल्या पत्रात ती नसली तरी कोणी बोट ठेवणार नाही. त्याखाली तारीख येते. सौदी अरेबियाने २०२३ च्या अखेरीपासून सरकारी व्यवहारांसाठी इसवी सनाची तारीख धरायला सुरुवात केली असली, तरी पत्रांवर हिजरी आणि इसवी अशा दोन्ही तारखा शेजारीशेजारी दिसतात. हिजरी तारखेत आपल्याकडच्या शिक्षकाने एक गोष्ट सांभाळायला हवी. सौदीत उम्मुल-कुरा ही आधीच गणित करून ठरवलेली दिनदर्शिका चालते, तर आपल्याकडे महिना चंद्रदर्शनावर सुरू होतो, त्यामुळे भारतातली हिजरी तारीख बहुधा एका दिवसाने मागे असते. पत्र तिकडच्या कार्यालयात नोंदवले जाणार असेल तर तिकडचीच तारीख घालावी. उम्मुल-कुराप्रमाणे १४४६ हे हिजरी वर्ष ७ जुलै २०२४ ला सुरू झाले. अशा एखाद्या खात्रीच्या खुणेपासून हिशेब जुळवून पाहता येतो. महिना आकड्यात लिहू नये. ओळ उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

मग ज्यांना पत्र लिहायचे त्यांचा उल्लेख. इथे पदाप्रमाणे मानाचा शब्द बदलतो, आणि तो आपल्या मनाने निवडायची सोय नाही. सौदीत संस्थेचे प्रमुख, अधिष्ठाता, संचालक, राजदूत यांना ‘सआदत’ लावतात. मंत्र्यांना आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना ‘मआली’. धर्मशास्त्राच्या विद्वानांना आणि न्यायाधीशांना ‘फजीलत’, आणि देशाच्या प्रमुख मुफ्तींना ‘समाहत’. संस्थेच्या अधिष्ठातीला ‘फजीलत’ लिहिले तर आदर वाढत नाही. लिहिणाऱ्याला तिकडची रीत माहीत नाही एवढेच त्यातून दिसते. आपल्या पत्रात ‘सआदत अमीदत मअहद…’ अशी सुरुवात होईल आणि संस्थेच्या नावानंतर ‘अल-मुहतरमा’ येईल. ‘सआदत’ पुरुषाला आणि स्त्रीला सारखेच राहते. ‘अमीद’चे ‘अमीदत’ होते आणि ‘मुहतरम’चे ‘मुहतरमा’.

या बारकाव्याला मोठा इतिहास आहे. कैरोत मामलुक सुलतानांच्या पत्रव्यवहार-कचेरीत काम केलेल्या अल-कलकशंदीने लेखनिकांसाठी ‘सुब्हुल-अअशा’ नावाचा ग्रंथ लिहिला. तो १४१८ मध्ये वारला. छापील आवृत्तीत त्याचे १४ खंड भरतात, आणि कोणत्या दर्जाच्या माणसाला कोणती उपाधी लावायची यासाठी त्यात पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. आपल्याकडे मोडीतल्या पत्रांचे मायने ज्यांनी वाचले असतील, त्यांना या काटेकोरपणाचे नवल वाटणार नाही.

इजिप्तमध्ये शिक्षकांच्या पदनामांचा वेगळाच गुंता आहे. तिथल्या विद्यापीठात ‘मुदर्रिस’ म्हणजे पीएचडी झालेला, प्राध्यापकपदाच्या पहिल्या पायरीवरचा माणूस. त्याच्या वरचा ‘उस्ताज मुसाइद’. सौदीत मात्र पहिल्या पायरीवरच्यालाच ‘उस्ताज मुसाइद’ म्हणतात आणि त्याच्या वरच्याला ‘उस्ताज मुशारिक’. आपल्याकडच्या सहायक प्राध्यापक बाईंनी सही खाली आपले पद अरबीत लिहिताना पत्र कुठे जाणार आहे हे पाहूनच शब्द घ्यावा. रियाधला जाणाऱ्या पत्रात ‘उस्ताजा मुसाइदा’ बरोबर बसते. तेच कैरोला गेले तर त्या न मिळालेल्या बढतीचे पद सांगत आहेत असे होईल.

माथा संपला की सलाम, आणि सलामानंतर ‘वबअद’, म्हणजे ‘यानंतर’. नमनाचे शब्द संपले, आता कामाचे बोलतो, अशी ती खूण. ‘वबअद’ नंतरचे वाक्य ‘फ’ या जोडअक्षराने उघडायचे असते, ‘फइन्नी उफीदु सआदतकुम…’ असे, म्हणजे ‘तर मी आपणास कळवते’. हा ‘फ’ अनेक पत्रांत गळलेला असतो. भाषेच्या संस्थेत तो ताबडतोब लक्षात येतो.

आता विद्यार्थिनीचे नाव. अरबीत प, च, ट, ड हे ध्वनी नाहीत, प्रमाण भाषेत ग नाही, आणि आपले ठ, भ, ध यांच्यासाठीही अक्षरे नाहीत. ‘पठाण’ हे साधे आडनाव घ्या. प च्या जागी ब येणार हे नक्की. पण ठ साठी कोणी साधा त लिहितो, कोणी जाड त, कोणी ‘स’ आणि ‘थ’च्या मधला उच्चार असलेले अक्षर. बाईंनी एक रूप लिहिले, अर्जात मुलीने दुसरे भरले आणि भाषांतरकाराने गुणपत्रिकेवर तिसरेच केले, तर तिकडच्या कारकुनासमोर एकाच फाइलमध्ये तीन मुली उभ्या राहतात. यावर उपाय सोपा आहे. अर्जात जे अरबी रूप भरले असेल तेच सगळीकडे वापरायचे, पहिल्या उल्लेखाशेजारी पासपोर्टवरचे नाव रोमन अक्षरांत द्यायचे आणि पासपोर्ट क्रमांक लिहायचा. अरब अर्जांत नावाचे चार भाग मागतात: स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे आणि घराण्याचे. आपल्या मराठी पद्धतीतले तीन भाग त्याच ओळीने जातात, त्यामुळे काम अर्धे सोपे होते. पण आजोबांचे नाव पासपोर्टवर नसेल तर पत्रात ते आपल्या मनाने घुसडू नये, आणि मध्ये ‘बिन्त’ही घालू नये.

टंकलेखनातली एक अडचण तर खास आपल्याकडची आहे. महाराष्ट्रातले बरेच अरबी शिक्षक उर्दूच्या कीबोर्डवर लिहितात. उर्दूतले क, य आणि ह डोळ्यांना अरबीसारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत. उर्दू क चा संकेत U+06A9 आहे, तर अरबी क चा U+0643. उर्दू कीबोर्डवर भरलेले नाव विद्यापीठाच्या यंत्रणेत शोधले की सापडत नाही, आणि पडद्यावर तर ते समोर दिसत असते. आकड्यांतही चार, पाच आणि सात यांची वळणे उर्दूत निराळी आहेत. पत्र लिहिण्यापूर्वी फोनवर किंवा संगणकावर अरबी कीबोर्ड सुरू करून घेणे आणि नस्तालीकऐवजी साधा नस्ख फाँट निवडणे एवढ्यानेच हा प्रश्न मिटतो.

यानंतर पहिले कामाचे वाक्य. ही मुलगी माझ्याकडे कधी, किती काळ आणि काय शिकली? मराठीत हे वाक्य सहज होते. अरबीत त्यात तीन सापळे आहेत. पहिला, क्रियापदाचा. ‘दरस’ म्हणजे शिकला आणि ‘दर्रस’ म्हणजे शिकवले. स्वरचिन्हांशिवाय लिहिले की दोन्ही हुबेहूब एकसारखे दिसतात. पत्रांत स्वरचिन्हे घालत नाहीत, पण अशा ठिकाणी दुहेरी अक्षराची खूण, म्हणजे शद्दा, तेवढी द्यावी. दुसरा सापळा संख्येचा. तीन ते दहा या संख्यांचे लिंग मोजल्या जाणाऱ्या नामाच्या उलट जाते. वर्षाला ‘सना’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे, म्हणून तीन वर्षे ‘सलास सनवात’. सत्राला ‘फस्ल’ हा पुल्लिंगी शब्द आहे, म्हणून सहा सत्रे ‘सित्तत फुसूल’, शेवटी त लावून. तिसरा, द्विवचनाचा. आपल्याकडे द्विवचन संस्कृतबरोबर राहिले, अरबीत ते आजही जिवंत आहे. व्याकरण आणि निबंधलेखन हे दोन विषय शिकवले असतील तर ‘दोन विषय’ असा वेगळा शब्द न लिहिता ‘माद्दा’चेच द्विवचनी रूप करायचे, आणि पुढे विषयांची नावे येत असल्यामुळे त्या रूपाचा शेवटचा न गाळायचा. हे सगळे नीट जमले की वाक्याचा मराठी अर्थ असा होतो: ही विद्यार्थिनी माझ्याकडे तीन वर्षे, सहा सत्रे, व्याकरण आणि निबंध हे दोन विषय शिकली.

मुलींच्या पत्रांत सर्वाधिक चुका लिंगाच्या होतात, आणि त्या का होतात हे उघड आहे. शिक्षकाकडे मुलासाठी लिहिलेले जुने पत्र असते. ‘तालिब’चे ‘तालिबा’ केले, नाव बदलले, आणि काम झाले असे वाटते. पण अरबीत लिंग वाक्यभर पसरलेले असते: क्रियापदाच्या शेवटी ‘दरसत’, सर्वनामात ‘हुव’ ऐवजी ‘हिय’, शब्दाला जोडलेल्या ‘हु’ च्या जागी ‘हा’, आणि प्रत्येक विशेषणाला ता-मरबूता. मराठीत आपण ‘ती हुशार आहे’ म्हणताना विशेषण तसेच ठेवतो, त्यामुळे डोळा तिथे थांबत नाही. अरबीत ‘मुज्तहिद’ राहिले तर ती मुलगी अर्ध्या वाक्यात मुलगा होते. वर्षानुवर्षे अशी पत्रे वाचणारे लोक सांगतात, की पहिल्या परिच्छेदात सगळे बरोबर असते आणि शेवटून तिसऱ्या ओळीत ‘त्याच्या प्रवेशाची शिफारस’ उरलेली सापडते. हे ज्याच्या नजरेला पडले, त्याला पत्र त्या मुलीसाठी लिहिलेलेच नाही हे कळून चुकते. ता-मरबूतावरचे दोन ठिपके वगळून नुसता ह लिहिण्याची सवयही अशीच घात करते, कारण मग स्त्रीलिंगी शब्दाचे टोक आणि ‘त्याचा’ हे सर्वनाम यांच्यात फरकच राहत नाही.

आता गुणांकडे येऊ. माझ्या मते संपूर्ण पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची जागा आहे, कारण इथे चांगल्या शब्दांनीही मुलीचे नुकसान होऊ शकते. ‘मुम्ताज’, ‘जय्यिद जिद्दन’, ‘जय्यिद’ आणि ‘मकबूल’ हे चार शब्द ऐकायला कौतुकाचे वाटतात: उत्कृष्ट, फार चांगले, चांगले, स्वीकारार्ह. अरब विद्यापीठांत मात्र त्या उतरत्या श्रेणी आहेत. सौदीत ९० च्या वर मुम्ताज, ८० ते ९० जय्यिद जिद्दन, ७० ते ८० जय्यिद, आणि ६० ते ७० मकबूल. मकबूलच्या खाली नापास. म्हणजे ‘तिचे अरबी जय्यिद आहे’ असे बाईंनी मोठ्या मनाने लिहिले, तर वाचणारी बाई मनात तिसऱ्या श्रेणीची नोंद करते. आणि ‘तिचा स्तर मकबूल आहे’ म्हणजे जेमतेम पास.

यात आपल्या गुणपद्धतीची भर पडते. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते आणि घरी पेढे वाटले जातात. तोच आकडा सौदी डोळ्यांना सर्वांत खालच्या उत्तीर्ण श्रेणीसारखा दिसतो. आपल्या विद्यार्थिनीला बीएला ७८ टक्के आहेत असे धरू. रियाधमध्ये ते ‘जय्यिद’ ठरतात. इजिप्तमध्ये ७५ ते ८५ हा पट्टा ‘जय्यिद जिद्दन’चा आहे, म्हणून कैरोत तेच गुण एक पायरी वर जातात. मुलगी तीच, पेपर तेच. गुणपत्रिका हे समजावून सांगत नाही, आणि अर्ज तपासणाऱ्याला मुंबई विद्यापीठाची पद्धत माहीत असण्याचे कारण नाही. ते सांगू शकणारे एकमेव कागद म्हणजे बाईंचे पत्र. दोन वाक्ये पुरतात: आमच्या विद्यापीठात ६० टक्क्यांपासून प्रथम श्रेणी धरतात, आणि या मुलीचे ७८ टक्के तिच्या वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे होते. क्रमांक खरोखर ठाऊक असेल तरच लिहावा. तो तिकडच्या कोणत्याही विशेषणापेक्षा नीट समजतो.

आता मधली वाक्ये. बहुतेक पत्रांत इथे ‘मुज्तहिदा, मुहज्जबा, मुतफव्विका’ अशी माळ असते: मेहनती, सुसंस्कृत, अव्वल. यातला एकही शब्द खोटा नसतो आणि एकही उपयोगाचा नसतो, कारण शेजारच्या पत्रात हीच माळ दुसऱ्या मुलीच्या गळ्यात असते. डिप्लोमाच्या संस्थेला हवे असते ते वेगळेच. मुलीला कोणत्या स्तरात बसवायचे, ती वर्षभर टिकेल का, आणि तिला नेमके काय शिकायचे आहे, एवढेच त्यांना कळायला हवे असते.

आपल्या उदाहरणात बाईंना खालील गोष्टी माहीत आहेत असे समजू. ही मुलगी स्वरचिन्हांशिवाय छापलेला वर्तमानपत्रातला मजकूर वाचते, आणि अनोळखी शब्दाचे मूळ तीन अक्षरांवरून हुडकून शब्दकोशात शोधते. शेवटच्या वर्षी ती आठवड्याला एक पानाचा निबंध लिहीत असे. सुरुवातीला तिच्या चुका विभक्तीच्या होत्या, नंतर त्या कमी झाल्या आणि वाक्यांची जोडणी ही तिची अडचण उरली. बोलण्यात ती मागे आहे, कारण वर्गाबाहेर तिच्याशी अरबीत बोलणारे कोणीच नाही. हीच चार वाक्ये अरबीत गेली की पत्र तयार झाले. पहिल्या वाक्याने तिची वाचनाची पातळी कळते, दुसऱ्याने सातत्य, आणि शेवटच्याने अर्ज का केला आहे ते.

बोलण्यातली उणीव लिहायची का, यावर शिक्षकांत एकमत नाही. काहींना वाटते शिफारसपत्रात उणीव आली तर शिफारस कसली? मला ती लिहिलेली बरी वाटते, आणि त्याचे कारण व्यवहाराचे आहे. भाषा-डिप्लोमाच्या दारात स्तर ठरवणारी चाचणी असते आणि तिथे बोलणे ऐकलेच जाते. पत्र म्हणते अव्वल आणि चाचणी म्हणते चाचपडते, तर पत्रावरचा विश्वास उडतो, आणि तोही मुलीसमोर. पत्राने आधीच सांगितले असेल की तिचे वाचन-लेखन पुढे आहे आणि बोलणे मागे, तर चाचणीचा निकाल त्याला पुष्टीच देतो. उणिवेचे वाक्य मात्र कारणासह आणि छोटे असावे, आणि त्यानंतर लगेच हा डिप्लोमा ती कशी भरून काढेल ते यावे.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. काही संस्था ‘तवसिया’ मागतात, काही ‘तज्किया’. कागद दोन्ही सारखेच दिसतात, पण आतला मजकूर निराळा असतो. तवसियात अभ्यासाबद्दल सांगायचे असते. तज्किया म्हणजे चारित्र्याची ग्वाही: वागणूक, धर्माचरण, सचोटी. मदिनेच्या इस्लामी विद्यापीठाकडे अर्ज करणाऱ्या मदरशातल्या विद्यार्थ्यांना असे तज्किया परिचित आहे. इस्लामी न्यायपद्धतीत साक्षीदाराच्या विश्वासार्हतेबद्दल दुसऱ्याने जबाब द्यायचा, त्यालाही तज्कियाच म्हणत. म्हणून ते लिहिणाऱ्यावर नैतिक जबाबदारी येते. धार्मिक वळणाचे शिक्षक त्यात एक विशिष्ट वाक्य घालतात, ज्याचा आशय असा: मी त्याला असा समजतो, खरा हिशेब घेणारा अल्लाह आहे, आणि अल्लाहपुढे मी कुणाला निर्दोष ठरवत नाही. तोंडावर स्तुती करण्याबद्दल परंपरेत जी नापसंती आहे, तिच्यातून हे वाक्य आले. तवसिया मागितलेली असताना मौलाना पानभर धर्मनिष्ठेबद्दल लिहितात आणि व्याकरणाबद्दल एक ओळ, किंवा याच्या नेमके उलट होते, तेव्हा विद्यार्थ्याने योग्य माणसाकडून चुकीचा कागद आणलेला असतो. दोन्ही मागितली असतील तर दोन वेगळ्या माणसांकडून घ्यावीत: मोहल्ल्यात ओळखणाऱ्याकडून तज्किया, वर्गात शिकवणाऱ्याकडून तवसिया.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. अरब जगात ओळखीने काम करून घेण्याला ‘वास्ता’ म्हणतात, आणि सगळ्यांना ती माहीत आहे, सगळे तिच्याबद्दल तक्रार करतात. आपल्याकडच्या पालकांना वाटते नगरसेवकाची किंवा मोठ्या ट्रस्टीची शिफारस असेल तर वजन पडेल. शिक्षकाच्या शिफारशीच्या जागी अशा माणसाचे पत्र जोडले, की ते वास्तासारखे वाचले जाते. ज्याने मुलीची एकही वही तपासली नाही त्याचे अर्धे पान अभ्यासाविषयी रिकामे असणारच. ज्या बाईंनी तिचे निबंध लाल पेनाने भरले, त्यांचे साधे पत्र अधिक उपयोगी पडते.

शेवटाकडे शिफारशीचे खरे वाक्य येते. त्याच्याही पायऱ्या आहेत. नुसते ‘ऊसी बिकबूलिहा’, म्हणजे तिला प्रवेश द्यावा अशी शिफारस करते, हे पुरेसे आणि सभ्य आहे. त्यात ‘दून तरद्दुद’ घातले की ‘निःसंकोचपणे’ असा अर्थ येतो. ‘बिशिद्दा’ म्हटले तर जोर आणखी वाढतो. सगळ्या विद्यार्थ्यांना ‘बिशिद्दा’ देणाऱ्या शिक्षकाची ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुणी मनावर घेत नाही, कारण त्याच संस्थेकडे त्याची जुनी पत्रेही असतात. आपल्या विद्यार्थिनीसाठी बाईंनी ‘दून तरद्दुद’ लिहावे असे मला वाटते. बोलण्याची उणीव सांगून झाल्यावर ते जुळते, आणि प्रामाणिकही वाटते. मग ‘वतकब्बलू फाइकल-इहतिराम वत्तकदीर’, म्हणजे आमचा मनःपूर्वक आदर स्वीकारावा, आणि पुन्हा सलाम. इथे नवीन काही सुचवू नये.

खाली नाव, पद, विभाग, सही आणि शिक्का. अरब कार्यालयांत कागदावर शिक्का नसला की तो अर्धा मानतात, म्हणून कॉलेजच्या छापील नावाच्या कागदावर, ज्याला ‘वरक मुरव्वस’ म्हणतात, पत्र घ्यावे. शिक्का सहीला थोडा चिकटून मारावा, म्हणजे सही मागाहून चिकटवल्याची शंका येत नाही. फोन क्रमांकाआधी भारताचा ९१ हा संकेतांक आणि कॉलेजचा ई-मेल लिहावा. खासगी ई-मेल असला की तिकडचा माणूस उत्तर पाठवायला कचरतो. पत्र स्कॅन करून चढवायचे असेल तर रंगीत स्कॅन करावा, कारण काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये शिक्का आणि छपाई एकाच रंगाची होऊन जातात. आणि मुलीला कागद देण्याआधी बाईंनी पत्र एकदा शेवटून सुरुवातीकडे वाचावे, फक्त सर्वनामांसाठी: प्रत्येक ‘हु’ वर थांबून तो खरोखर पुरुषाबद्दल आहे का ते पाहावे. पत्राची एक प्रत आपल्याकडे ठेवावी, कारण रियाधहून फोन आला तर ते विचारतात तो प्रश्न पत्रातल्याच एखाद्या वाक्याबद्दल असतो.